गुणकाचे एक उदाहरण : कासुर्डीच्या बांधावरून

पदव्युत्तर वर्गात स्थूल अर्थशास्त्राची जी टिपणे हाती येतात, त्यांत गुणकाचे एक उदाहरण हमखास असते. सरकारने 100 रुपये अधिक खर्च केले. सीमांत उपभोग-प्रवृत्ती 0.8 आहे, म्हणून गुणक 1 ÷ (1 − 0.8), म्हणजे 5, म्हणून उत्पन्नात 500 रुपयांची वाढ होते. उदाहरण चार ओळींत संपते, आणि विद्यार्थी पुढील प्रकरणाकडे वळतो. या उदाहरणातील गणित बरोबर आहे. परंतु ते 500 रुपये कोणाच्या उत्पन्नात पडतात, ते 100 रुपये आले कोठून, आणि वाढलेल्या मागणीस माल कोठून मिळतो, या तीन प्रश्नांविषयी टिपणे मौन पाळतात. प्रस्तुत लेखात तेच उदाहरण एका गावावर लावून पाहावयाचे आहे. तसे केल्यास गुणक हा रुपयाच्या अंगचा गुण नसून आपण आखलेल्या सीमेचा आणि गृहीत धरलेल्या परिस्थितीचा परिणाम आहे, हे स्पष्ट होईल.

आरंभी एक नेहमीची चूक दूर केली पाहिजे. उत्तरपत्रिकांत पुष्कळदा 100 अधिक 500, म्हणजे 600, असे लिहिलेले आढळते. पाचशेमध्ये मूळचे शंभर समाविष्टच आहेत. पहिल्या फेरीत 100, दुसरीत 80, तिसरीत 64, चौथीत 51.20, अशी ही उतरती श्रेणी आहे, आणि 500 ही तिची मर्यादा आहे. पहिल्या चार फेऱ्यांची बेरीज 295.20 इतकीच भरते. प्रत्येक फेरीस काळ लागतो. म्हणून एखाद्या वर्षाच्या हिशेबात पुरे 500 दिसतीलच असे नाही. 1931 साली रिचर्ड कान यांनी रोजगाराच्या संदर्भात ही कल्पना मांडली, तेव्हा बेकारभत्ता, आयात आणि बचत यांमुळे होणाऱ्या गळतीचा विचार त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी होता. केन्स यांनी 1936 साली तिला उपभोग-प्रवृत्तीचा आधार दिला. पुढे टिपणांत उपभोग-प्रवृत्ती राहिली आणि बचतीखेरीज इतर गळती मात्र गाळली गेली.

आता उदाहरण गावावर लावू. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतच्या शेजारी कासुर्डी हे गाव आहे. तेथे पाझर तलावाच्या दुरुस्तीचे काम निघाले आणि त्यावर 1,00,000 रुपये जादा खर्च झाला, अशी कल्पना करू. पुढील आकडे पाहणीतून आलेले नाहीत. हिशेबाची रीत दाखविण्यासाठी ते गृहीत धरले आहेत. त्याला एक अपवाद आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत कामावरील खर्चापैकी किमान 60 टक्के भाग अकुशल मजुरीवर पडावा असा दंडक होता, आणि तेच प्रमाण येथे घेतले आहे. म्हणजे 60,000 रुपये मजुरी आणि 40,000 रुपये सिमेंट, लोखंड, डिझेल व यंत्रे यांवर. हे साहित्य गावात तयार होत नाही. सबब 40,000 रुपये पहिल्याच फेरीत गावाबाहेर गेले. टिपणांतील उदाहरण सरकारी खर्च आणि पहिल्या फेरीचे उत्पन्न यांस एकच मानते. येथे ते एक नाहीत.

मजुरांनी 60,000 पैकी नऊ-दशांश, म्हणजे 54,000 रुपये खर्च केले असे धरू. या खर्चाचे तीन सारखे भाग कल्पू. पहिले 18,000 रुपये गावातच पिकणाऱ्या ज्वारी, दूध व भाजीपाल्यावर गेले. हे सर्व गावकऱ्यांचे उत्पन्न मानू. दुसरे 18,000 रुपये गावातील किराणा दुकानात गेले. येथे विद्यार्थी हटकून घसरतो. दुकानाचा गल्ला हे दुकानदाराचे उत्पन्न नव्हे. तेल, साखर, चहा, साबण हा माल त्याने पुण्याच्या किंवा यवतच्या घाऊक व्यापाऱ्याकडून आणलेला असतो. शेकडा 10 नफा धरला तर गावात 1,800 रुपये राहतात आणि 16,200 रुपये परत बाहेर जातात. उरलेले 18,000 रुपये यवतच्या बाजारात, कापडावर, एस.टी.च्या तिकिटावर, औषधपाण्यावर खर्च झाले. त्यांतून गावाच्या उत्पन्नात काहीच भर पडली नाही.

दुसऱ्या फेरीत गावाचे उत्पन्न अशा रीतीने 19,800 रुपयांनी वाढले. पहिल्या फेरीच्या 60,000 शी त्याचे प्रमाण 0.33 पडते. टिपणांतील 0.8 च्या जागी स्थानिक हिशेबात हा आकडा घ्यावयास हवा. हेच प्रमाण पुढे चालू राहिले असे मानल्यास तिसऱ्या फेरीत 6,534 आणि चौथीत सुमारे 2,156 रुपये येतात. श्रेणीची मर्यादा सुमारे 89,550 रुपये भरते. त्यापैकी जवळजवळ 88,500 रुपये पहिल्या चार फेऱ्यांतच येऊन जातात. मजुरीवरचा गुणक सुमारे 1.49 निघतो. परंतु सरकारने तर एक लाख रुपये खर्च केले होते. त्या खर्चाशी तुलना केली तर गुणक 0.9 च्या आत राहतो. टिपणांप्रमाणे पाच लाख अपेक्षित होते. गावात खर्चाइतकेही उत्पन्न निर्माण झाले नाही. शिवाय हा अंदाज सढळ हातानेच केला आहे. कारण दूध विकणाऱ्यास पेंड बाहेरून आणावी लागते, आणि शेतकऱ्याची उपभोग-प्रवृत्ती मजुराइतकी असत नाही.

यावरून टिपणांतील पाच खोटे ठरतात काय? तसे म्हणता येणार नाही. जे रुपये कासुर्डीच्या वेशीबाहेर गेले ते नाहीसे झाले नाहीत. ते यवतच्या व्यापाऱ्याचे, पुण्याच्या आडत्याचे, सिमेंटच्या कारखान्यातील कामगाराचे उत्पन्न झाले. सीमा तालुक्याची घेतली तर गुणक वाढेल, राज्याची घेतली तर आणखी वाढेल. देशाच्या सीमेपाशी आयात, कर आणि बचत एवढ्याच गळती उरतात. सीमांत उपभोग-प्रवृत्ती 0.8, कर उत्पन्नाच्या 15 टक्के आणि आयात 20 टक्के धरली तर छेद 1 − 0.68 + 0.20, म्हणजे 0.52 होतो, आणि गुणक पाचावरून सुमारे 1.9 वर येतो. म्हणून गुणकाचा आकडा सांगताना तो कोणत्या सीमेसाठी आहे हे सांगितले नाही, तर विधानास अर्थच राहत नाही. "या कामाने गावाचे उत्पन्न पाचपट वाढेल" असे जेव्हा एखाद्या प्रबंधात लिहिलेले असते, तेव्हा देशाचा गुणक गावास लावला आहे हे निश्चित समजावे.

दुसरा प्रश्न पैसा कोठून आला हा. याबाबतीत महाराष्ट्राचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. या योजनेच्या निधीसाठी व्यवसाय कर व इतर काही खास कर बसविण्यात आले होते, आणि त्यांच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्य आपल्या सर्वसाधारण महसुलातून घालीत असे. म्हणजे मजुराच्या हाती आलेला रुपया प्रामुख्याने शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्या हातून निघालेला होता. हावेल्मो यांनी 1945 साली दाखविल्याप्रमाणे, खर्चाइतकाच कर घेतला आणि सर्वांची उपभोग-प्रवृत्ती सारखी असली, तर गुणक एक एवढाच राहतो. टिपणांच्याच आकड्यांनी पाहू : खर्चामुळे अधिक 5, करामुळे उणे 4, बाकी 1.

परंतु सर्वांची उपभोग-प्रवृत्ती सारखी नसते, आणि योजनेचे मर्म येथेच आहे. मजूर रुपयातील 90 पैसे खर्च करतो आणि करदाता कर भरण्यासाठी आपला खर्च रुपयामागे 60 पैशांनीच कमी करतो, असे समजा. पहिल्या फेरीचे उत्पन्न 1. त्यानंतर मागणीत 0.9 ची भर आणि 0.6 ची घट, म्हणजे निव्वळ 0.3 ची भर; पुढील सर्व फेऱ्यांत 0.8 हेच प्रमाण धरल्यास तिचे 1.5 होतात. एकूण गुणक 2.5. हा हिशेब गळतीविरहित अर्थव्यवस्थेचा आहे. तरीही पाच आणि एक यांमधील हे उत्तर केवळ उत्पन्नाच्या फेरवाटपातून निघाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. टिपणे निधीचा उल्लेख करीत नाहीत, म्हणून विद्यार्थ्यास ती दिसत नाही.

तिसरा प्रश्न मालाचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 1952 साली अल्पविकसित अर्थव्यवस्थेतील गुणकाचे जे परीक्षण केले, त्याचा आशय असा की केन्सचा गुणक रिकामी यंत्रे आणि कामास तयार असलेले कामगार गृहीत धरतो. जेथे मजुराचा बहुतेक वाढीव खर्च अन्नधान्यावर होतो आणि धान्याचा पुरवठा तत्काळ वाढू शकत नाही, तेथे गुणक पैशाच्या उत्पन्नात चालतो, वास्तव उत्पन्नात चालत नाही. फरक किमतींच्या वाढीत जिरतो. शिवाय भाव वाढले म्हणून शेतकरी अधिक धान्य बाजारात आणीलच असे नाही; तो ते घरीच अधिक खाईल.

या युक्तिवादाची कसोटी 1972-73 च्या दुष्काळात लागली. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख मजूर होते. पीक बुडाले असताना इतकी मजुरी वाटली गेली. केवळ टिपणांतील गुणकावर भिस्त ठेवली असती तर तिचे रूपांतर ज्वारीच्या भाववाढीतच झाले असते. त्या वर्षांची आठवण सांगणाऱ्यांच्या तोंडी आजही मिलो आणि सुकडी हे शब्द येतात. मिलो हे परदेशातून आलेले धान्य होते. गुणकाच्या परिभाषेत मिलोवर खर्चलेला रुपया म्हणजे निव्वळ गळती. त्याने गुणक घटतो. पण त्याच गळतीमुळे मजुरीला धान्याच्या रूपाने काही वास्तव मोल राहिले. गळती दोषास्पद मानून गुणकाच्या मोठेपणावरून योजनेची किंमत ठरविणारा अभ्यासक येथे अगदी उलट्या निष्कर्षास पोचेल.

शेवटी एक भेद स्पष्ट करावयास हवा. पाझर तलावामुळे पुढील वर्षी विहिरींना पाणी वाढले आणि जिराईत तुकड्यावर दुसरे पीक निघाले, तर तो गुणकाचा परिणाम नव्हे. ती उत्पादनक्षमतेतील वाढ होय. धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची जी पाहणी केली आणि गोखले संस्थेने 1948 साली प्रसिद्ध केली, तीत प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ वेगवेगळे मोजण्याचा प्रयत्न आहे. तीच शिस्त येथे हवी. मजुरीच्या फेऱ्या चार-पाच आवर्तनांत विरून जातात. तलावात पाणी साठत राहिले तर त्याचे उत्पन्न वर्षानुवर्षे येते, आणि गाळ भरला तर तेही थांबते. कासुर्डीसारख्या गावात सरकारी खर्चाचे चिरस्थायी मूल्य प्रायः या दुसऱ्या सदरात सापडेल. टिपणांतील उदाहरण ठेवावयास हरकत नाही. मात्र त्याखाली सीमा, निधी आणि धान्य असे तीन रकाने आखून ते विद्यार्थ्याकडून भरून घ्यावेत. ते भरल्यावाचून पाच हा आकडा लिहू देऊ नये.