नव्वद सेकंदांत पंचाण्णव टक्के : कॉल सेंटरच्या एका निकषाची चिकित्सा

मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन लावल्यावर माणसाचा आवाज किती वेळात ऐकू यावा, याचा निकष भारतात ठरवून दिलेला आहे. दिल्लीतील भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००९ साली सेवेच्या गुणवत्तेची नियमावली काढली. तिच्यानुसार कर्मचाऱ्यांनी किमान ९० टक्के कॉल ६० सेकंदांच्या आत उचलणे अपेक्षित होते. पुढे दुरुस्ती झाली आणि निकष ९० सेकंदांत ९५ टक्के असा झाला. टक्केवारी वाढली, पण मुदतही वाढली. मग निकष कडक झाला की सैल?

या टिपणात आपण आधी या प्रश्नाचे उत्तर गणिताने काढू. त्यानंतर त्याहून महत्त्वाचा प्रश्न घेऊ : हा निकष पाळला गेला, तर ग्राहकाला खरोखर वेळेवर उत्तर मिळते का?

तीन आकड्यांपासून माणसांपर्यंत

समजा, नोएडातील एका केंद्रात सकाळी ११ ते ११.३० या अर्ध्या तासात १५० कॉल येतात. एका कॉलची सरासरी हाताळणी वेळ २४० सेकंद आहे. या वेळेत बोलणे येते, ग्राहकाला थांबवून ठेवलेला वेळ येतो आणि फोन ठेवल्यावर संगणकात नोंद करण्याचा वेळही येतो. विद्यार्थी हा तिसरा भाग हमखास विसरतात. अर्धा तास म्हणजे १८०० सेकंद, म्हणून कामाचा भार असा निघतो :

A = 150 × 240 / 1800 = 20

या एककाला एर्लांग म्हणतात. २० एर्लांग म्हणजे २० माणसांनी क्षणाचीही उसंत न घेता केले तर पुरे होईल एवढे काम. नोंदीचे ४० सेकंद धरायला विसरलो, तर हाच भार १६.७ दिसेल आणि तीनहून अधिक माणसांचे काम कागदावरून नाहीसे होईल. प्रत्यक्षात मात्र ते कोणाला तरी करावेच लागेल.

मग २० माणसे नेमली की झाले का? नाही. कॉल ठरावीक अंतराने येत नाहीत. एका मिनिटात नऊ येतात, तर दुसऱ्यात दोनच. रिकामा गेलेला वेळ पुढच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाही, म्हणून भारापेक्षा काही माणसे जास्त लागतात. ती किती, हे काढण्याचे सूत्र कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखातून आले. कॉलला रांगेत थांबावे लागण्याची शक्यता C धरली, माणसांची संख्या N, हाताळणी वेळ T आणि मुदत t धरली, तर मुदतीत उचलल्या जाणाऱ्या कॉलचे प्रमाण असे मिळते :

```
from math import exp

def within(A, N, t, T):
    b = 1.0
    for n in range(1, N + 1):
        b = A*b / (n + A*b)
    c = b / (1 - (A/N)*(1 - b))
    return 1 - c*exp(-(N - A)*t/T)
```

हे सूत्र N हा A पेक्षा मोठा असेल तरच वापरता येते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज लागेल. आपल्या उदाहरणासाठी उत्तरे अशी येतात :

| कर्मचारी | ६० सेकंदांत | ९० सेकंदांत | सरासरी प्रतीक्षा |
|---|---|---|---|
| २२ | ६५.६ % | ७३.२ % | ६८ सेकंद |
| २३ | ८०.४ % | ८६.५ % | ३३ सेकंद |
| २४ | ८९.० % | ९३.३ % | १८ सेकंद |
| २५ | ९४.० % | ९६.८ % | १० सेकंद |

जुना निकष ६० सेकंदांच्या रकान्यात ९० टक्के मागतो, तर नवा ९० सेकंदांच्या रकान्यात ९५ टक्के मागतो. २४ माणसांत दोन्ही थोडक्यात हुकतात आणि २५ माणसांत दोन्ही पार पडतात. म्हणजे या आकाराच्या केंद्रासाठी निकष कडकही झाला नाही आणि सैलही झाला नाही. जेवढी माणसे आधी लागत होती, तेवढीच आताही लागतात.

तक्त्यात आणखी एक गोष्ट पाहा. २५ पैकी दोघे जण गुरुग्रामच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये अडकले आणि २३ जणच खुर्चीवर असले, तर ९६.८ टक्क्यांचे ८६.५ टक्के होतात. माणसे आठ टक्क्यांनी कमी झाली, पण सरासरी प्रतीक्षा तिपटीहून जास्त झाली. शिवाय तक्त्यातील २५ म्हणजे त्या क्षणी हेडफोन लावून बसलेली माणसे. रजा, जेवण, चहा, प्रशिक्षण यांत ३० टक्के वेळ जातो असे धरले, तर हजेरीपटावर २५ भागिले ०.७, म्हणजे ३६ माणसे हवीत.

निकष पार पडतो, पण कोणासाठी?

आता टीकेच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. वरचे सगळे गणित एका अर्ध्या तासाचे आहे. ट्रायच्या त्रैमासिक अहवालात मात्र एका कंपनीसमोर एका परवाना क्षेत्रासाठी एकच टक्केवारी असते. तीन महिन्यांतील चांगले आणि वाईट अर्धे तास तिथे एकत्र मिसळलेले असतात. त्याचा परिणाम काय होतो, हे एका दिवसाच्या उदाहरणावरून पाहू.

केंद्र सकाळी ८ ते रात्री ९ चालते, म्हणजे २६ अर्धे तास. सगळा वेळ २५ माणसे बसलेली आहेत. यांपैकी २५ अर्ध्या तासांत प्रत्येकी १२० कॉल येतात. तेव्हा भार १६ एर्लांग असतो आणि ९९.९ टक्के कॉल मुदतीत उचलले जातात. पण दिवस मे महिन्याचा आहे. संध्याकाळी धुळीचे वादळ येते, ज्याला दिल्लीत आंधी म्हणतात. काही मोबाइल टॉवर बंद पडतात आणि ७ ते ७.३० मध्ये २१० कॉल येतात.

भार आता २८ एर्लांग झाला आणि माणसे २५ आहेत. इथे एर्लांगचे सूत्र थांबते, कारण N हा A पेक्षा लहान आहे आणि सूत्राच्या हिशेबाने रांग अनंत होईल. खरे पाहता सूत्राचे गृहीतक आधीच मोडले आहे. प्रत्येक ग्राहक आपापल्या कारणाने, एकमेकांशी संबंध नसताना फोन करतो असे ते मानते. इथे मात्र सगळ्यांनी एकाच कारणाने फोन केला आहे. म्हणून आपण साधा पाण्याच्या टाकीचा हिशेब करू : किती आत येते आणि किती बाहेर जाते.

२५ माणसे अर्ध्या तासात १८७.५ कॉल संपवू शकतात. आले २१०. म्हणून साडेसात वाजता सुमारे २२ जण रांगेत असतात, आणि त्या वेळी फोन लावणाऱ्याला अंदाजे २१६ सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटांहून जास्त थांबावे लागते. प्रतीक्षा शून्यापासून हळूहळू वाढत गेली असे धरले, तर सात वाजून साडेबारा मिनिटांनी ती ९० सेकंदांच्या पुढे जाते. उरलेल्या साडेसतरा मिनिटांत आलेले सुमारे १२२ कॉल मुदत चुकवतात. रांग पुढच्या अर्ध्या तासातही लगेच संपत नाही. ती ओसरायला दहा मिनिटे लागतात आणि तेवढ्यात आणखी सुमारे २३ कॉल उशिरा उचलले जातात.

दिवसाचा हिशेब करा. एकूण कॉल ३२१०. वादळामुळे उशीर झालेले सुमारे १४६, आणि इतर वेळचे दोन-तीन. मुदतीत उचललेले ९५.४ टक्के. निकष पार पडला!

पण सात ते साडेसात या वेळात फोन करणाऱ्या दहा जणांपैकी जवळपास सहा जणांना मुदतीत उत्तर मिळाले नाही. ज्यांचा फोन बंद पडला होता तेच हे लोक. ज्यांना रिचार्जची किरकोळ चौकशी करायची होती, त्या दुपारच्या ग्राहकांना लगेच मिळालेल्या उत्तरांनी त्यांचा उशीर झाकून टाकला. कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही हेच घडले. दुपारी त्यांचा ६४ टक्के वेळ कामात जात होता. संध्याकाळी चाळीस मिनिटे त्यांना दोन कॉलमध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती, आणि समोर चिडलेला ग्राहक होता. अहवालात हे दोन्ही दिसत नाही.

फोन ठेवून देणारा ग्राहक

आपण अजून एक गोष्ट सोयीने विसरलो. साडेतीन मिनिटे सगळेच थांबत नाहीत. एर्लांगचे सूत्र मानते की रांगेत आलेला ग्राहक कधीच फोन ठेवत नाही. म्हणून गर्दीच्या वेळी ते प्रतीक्षा फुगवून दाखवते, आणि आपला टाकीचा हिशेबही तेच करतो. काही जण कंटाळून गेले, तर उरलेल्यांची रांग लहान होते.

प्रश्न असा, की गेलेल्यांना कुठे मोजायचे? टक्केवारी फक्त उचललेल्या कॉलवर काढली, तर फोन ठेवून देणारा ग्राहक हिशेबातूनच बाहेर पडतो आणि त्याच्या जाण्याने केंद्राचा आकडा सुधारतो. सेवा जितकी वाईट, तितका गुणपत्रिकेला हातभार. तोच ग्राहक दहा मिनिटांनी पुन्हा फोन करतो, तेव्हा तो नवा कॉल म्हणून मोजला जातो. मग उद्याच्या अंदाजात कॉलची संख्या वाढलेली दिसते, पण ती वाढ मागणीची नसून आपल्याच कमतरतेची असते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे : एकाच क्रमांकावरून तासाभरात आलेले दुसरे-तिसरे कॉल वेगळे काढून पाहा.

काय बदलावे

९० सेकंद किंवा ९५ टक्के हे आकडे चुकीचे आहेत, असे माझे म्हणणे नाही. आपल्या तक्त्यात ते २५ माणसे मागतात आणि शांत सकाळी ती पुरतात. दोष आकड्यांत नाही, ते कोणत्या कालावधीवर लावले जातात त्यात आहे. माणसे अर्ध्या तासाच्या हिशेबाने नेमली जातात, पण परीक्षा तीन महिन्यांच्या सरासरीने होते. मधल्या फटीत गर्दीचा अर्धा तास पडतो.

कंपनीने महिन्यातील किती अर्ध्या तासांत ९५ टक्के गाठले हे सांगावे, आणि वाट पाहून फोन ठेवलेले ग्राहक भाजकात धरावेत. या दोन नोंदी केंद्राच्या संगणकात आधीच असतात. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. वादळासाठी रोज जादा माणसे बसवून ठेवा, असेही कोणी म्हणणार नाही. पण रांग किती आहे हे ग्राहकाला सांगून नंतर उलट फोन करण्याची सोय ठेवली, किंवा टॉवर बंद असल्याची सूचना सुरुवातीलाच ऐकवली, तर त्या २१० पैकी बरेच कॉल रांगेत येणारच नाहीत. तिमाहीची सरासरी पार पडत असेल, तर हे करण्याची निकड कोणाला वाटणार?

सरावासाठी : वरच्या उदाहरणात वादळाच्या अर्ध्या तासात ३० माणसे असती, तर भार २८ धरून `within(28, 30, 90, 240)` किती येते ते काढा. उत्तर ९५ टक्क्यांच्या खाली का राहते, हे दोन वाक्यांत लिहा.