‘सितैन’ की ‘सबैन’? एका मोडी पत्राचे लिप्यंतर

एका घराण्याच्या दप्तरातले एक मोडी पत्र मी देवनागरीत उतरवले, तेव्हा शेवटची ओळ अशी लागली : ‘छ २५ रबिलाखर, सीत सितैन मया व अलफ’. सीत म्हणजे सहा, सितैन साठ, मया शंभर आणि अलफ हजार. सुहूर सन ११६६, म्हणजे इ. स. १७६५-६६. ‘छ’ म्हणजे चंद्र. त्या महिन्याचा पंचविसावा चंद्र १७६५च्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. जंत्रीत तारीख सापडली, मी निश्चिंत झालो. थोरल्या माधवरावांच्या काळातल्या गावकारभारावर टिपणही लिहायला घेतले.

चूक लक्षात आली ती मजकुरावरून. बैल मेले आहेत, पेरणी खोळंबली आहे, बियाणे लवकर द्यावे, अशी पत्रात विनवणी होती. ऑक्टोबरात खरिपाची कापणी सुरू होते. खरिपाच्या पेरणीची घाई तेव्हा कोण करील? रब्बीची म्हणावी, तर ‘मृग लागला’ असे शब्द पत्रातच होते. भिंग घेऊन पुन्हा बसलो. शाई उडालेल्या जागी अक्षर ‘ब’ होते. नुकतेच वाचलेले ‘सीत’ डोळ्यांत राहिले होते, म्हणून मी पुढेही तेच वाचले. खरा शब्द ‘सबैन’, म्हणजे सत्तर. सन ११७६, आणि तारीख १७७५च्या जूनचा शेवटचा आठवडा.

जंत्रीने मला अडवले नाही, कारण दोन्ही सनांत २५ रबिलाखर येतोच. मात्र हिजरी महिने दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतात, त्यामुळे दहा वर्षांच्या चुकीने ऋतूही बदलला. तोच साक्षीदार ठरला. वार किंवा तिथी दिली असती, तर आणखी एक ताळा मिळाला असता. माझे टिपण मात्र बाद झाले : १७७५त माधवराव हयात नव्हते, कारभार बारभाईंचा होता.

नावाचे प्रकरण याहून अवघड. मोडीत शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत. ‘हरीराम’ अशी सलग अक्षरे होती. हा हरिराम नावाचा एक मनुष्य, की रामाचा मुलगा हरी? मी पहिले धरले. सात ओळींनी त्याच माणसाला ‘हरीपंत’ म्हटलेले दिसले, तेव्हा राम हे बापाचे नाव ठरले. एरवी वंशावळीत बापलेकांचा एकच पुरुष झाला असता.

म्हणूनच छापील लिप्यंतरांविषयी माझी तक्रार आहे. बरेच संपादक मूळ सनाचे शब्द गाळून फक्त इसवी तारीख देतात आणि नावे आजच्या वळणाने तोडतात. मग वाचकाला ताळा करायला काहीच उरत नाही. मूळ शब्द जसेच्या तसे छापावेत, इसवी तारीख चौकटी कंसात द्यावी, संशयित अक्षरापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. माझ्या दुरुस्त प्रतीत ‘स[ब?]ैन’ असेच लिहिले आहे, ऋतूने कौल दिला असला, तरी कागदावर ते अक्षर अर्धेच उरले आहे.