इतिहासाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांची रचना : सिंधुदुर्ग किल्ल्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

शालेय इतिहासाच्या चाचणीत ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ आणि ‘जोड्या लावा’ हे प्रश्न सर्वांत सोपे समजले जातात. उत्तर एकच व तपासणी निर्विवाद असल्याने त्यांच्या रचनेकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावरील काही प्रश्नांच्या आधारे या समजुतीची तपासणी केली आहे.

एका वाक्यातील उत्तर

तालुक्यातील एका शाळेच्या सराव चाचणीत पुढील प्रश्न होता : ‘इंग्रजांनी सिंधुदुर्ग किल्ला केव्हा घेतला?’ उत्तरसूचीत १७६५ हे साल होते. एका विद्यार्थिनीने १८१२ असे लिहिले व तिला शून्य गुण मिळाले. वस्तुतः १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले व पुढे तो करवीर राज्याला परत केला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण बंदरासह सिंधुदुर्ग कायमचा इंग्रजांकडे गेला. ‘घेतला’ या एका क्रियापदात लढाईतील विजय आणि तहाने मिळालेला ताबा हे दोन्ही अर्थ सामावतात. त्यामुळे अधिक वाचलेली मुलगी चुकली व पाठ्यपुस्तकातील एकच ओळ पाठ केलेला मुलगा बरोबर ठरला.

‘सिंधुदुर्ग किल्ला कोणी बांधला?’ या प्रश्नातही हाच दोष आहे. शिवाजी महाराज हे उत्तर योग्य आहे, आणि परंपरेने बांधकामाची जबाबदारी ज्यांच्याकडे सांगितली जाते त्या हिरोजी इंदुलकर यांचे नावही योग्य आहे. प्रश्न दुरुस्त करायचा तर अपेक्षित कृती शब्दांत आणली पाहिजे. ‘१६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याची पायाभरणी कोणी केली?’ किंवा ‘कोणत्या वर्षीच्या तहाने सिंधुदुर्ग इंग्रजांकडे कायमचा गेला?’ अशा प्रश्नाला दुसरे उत्तर उरत नाही.

जोड्या लावा

याच चाचणीतील ‘अ’ गटात सिंधुदुर्ग, कान्होजी आंग्रे, पुरंदरचा तह व विजयदुर्गाचा पाडाव अशी पदे होती. ‘ब’ गटात सरखेल, १६६५, कुरटे बेट आणि तुळाजी आंग्रे अशी पदे होती. इतिहास न वाचलेले मूलही येथे बेटाशी किल्ला जोडेल, सरखेल ही पदवी असल्याने ती व्यक्तीला लावेल आणि साल तहाला देईल. चौथी जोडी आपोआप उरते. पदांचे प्रकार वेगवेगळे असल्याने प्रश्नाने इतिहासाऐवजी शब्दांची जात तपासली.

दुरुस्तीसाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत. प्रत्येक गटातील पदे एकाच प्रकारची असावीत, आणि ‘ब’ गटात पदे अधिक असावीत. उदाहरणार्थ, ‘अ’ गटात केवळ व्यक्ती घ्याव्यात : तुळाजी आंग्रे, मिर्झाराजे जयसिंग, राजाराम महाराज, हिरोजी इंदुलकर. ‘ब’ गटात केवळ घटना घ्याव्यात : खांदेरीची लढाई, पुरंदरचा तह, बसरूरची स्वारी, विजयदुर्गाचा पाडाव, शिवराजेश्वर मंदिराची उभारणी, सिंधुदुर्गाचे बांधकाम. यातील खांदेरी व बसरूर ही जादा पदे आहेत. ती मराठा आरमाराच्याच इतिहासातील असल्याने विश्वसनीय वाटतात, परंतु ‘अ’ गटातील कोणत्याही व्यक्तीशी जुळत नाहीत.

याचा गुणांवरील परिणाम मोजता येतो. चार पदांना चार उत्तरे असतील तर केवळ अंदाजाने सरासरी एक जोडी बरोबर येते, आणि तीन माहीत असलेल्याला चौथीचा गुण फुकट मिळतो. उत्तरे सहा केल्यास अंदाजाची सरासरी दोन-तृतीयांशावर येते आणि उरलेल्या पदाचा आधार नाहीसा होतो.

परीक्षण व मर्यादा

असा दोष चाचणीनंतरही ओळखता येतो. एकूण गुणांनुसार वरचा व खालचा गट वेगळा करून प्रत्येक प्रश्न किती जणांनी बरोबर सोडवला हे पाहावे. वरच्या गटापेक्षा खालच्या गटात बरोबर उत्तरे अधिक असतील, तर विद्यार्थ्यांआधी प्रश्नच पुन्हा वाचावा. वर्ग लहान असल्यास ही आकडेवारी फार बोलत नाही. तेथे एखाद्या सहकाऱ्याने उत्तरसूची न पाहता प्रश्न सोडवणे अधिक उपयुक्त ठरते. दोघांची उत्तरे भिन्न आली तर दोष कागदावर आहे.

अर्थात, निर्दोष जोडीसुद्धा केवळ ओळख तपासते. १७६५ मध्ये जिंकलेला किल्ला इंग्रजांनी परत का केला, हा प्रश्न जोड्यांत मावत नाही. त्यासाठी दीर्घोत्तरी प्रश्नच हवा.

निष्कर्ष

वस्तुनिष्ठ प्रश्नातील वस्तुनिष्ठता तपासणीत नसून प्रश्नाच्या शब्दांत असते. १८१२ लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचा गुण उत्तरसूचीने कापला. तो परत देण्याची जबाबदारी प्रश्नकर्त्या शिक्षकाची आहे.