‘केवळ’ या शब्दावर उभा असलेला निकाल

गुजरात ऊर्जा विकास निगम विरुद्ध अमित गुप्ता (2021) वाचून बरेच जण ‘दिवाळखोरीमुळे करार रद्द करता येत नाही’ एवढंच टिपून ठेवतात. तुम्ही तसं करू नका. निगम हा त्या सौर प्रकल्पाचा एकमेव वीजखरेदीदार होता आणि कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली म्हणून करार संपवत होता. करार गेला असता तर कंपनीच बुडाली असती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो टिकवला. अशी कलमं वैध की अवैध, हे मात्र संसदेवर सोडलं.

माझा आक्षेप कसोटीवर आहे: कारण ‘केवळ’ दिवाळखोरीचंच हवं. त्याच वर्षी टीसीएस विरुद्ध एसके व्हील्समध्ये सेवेतल्या जुन्या त्रुटींचं कारण होतं, तेव्हा न्यायालयाने करार संपू दिला. म्हणजे उद्या हुशार वकील नोटिशीत एखादी त्रुटी जोडणारच.

पुरवठादारासाठी कलम 14(2अ) जास्त स्पष्ट आहे. समजा, कच्च्या मालाचे 40 लाख थकलेत आणि मोरेटोरियम लागला. व्यवस्थापकाने तो माल अत्यावश्यक ठरवला, तर जुन्या थकबाकीसाठी पुरवठा थांबवता येत नाही. तिचा दावा दाखल करायचा. पण मोरेटोरियमनंतरच्या मालाचे 5 लाख दिले नाहीत, तर थांबवता येतो. इथे नोटिशीची भाषा नाही, थकबाकीची तारीख बोलते. ‘केवळ’च्या कसोटीत नेमकी हीच स्पष्टता नाही.