एका घंटेचा प्रश्न

एका कथास्पर्धेसाठी आलेल्या हस्तलिखितांत गेल्या वर्षी एक कथा माझ्या वाचनात आली. तिला पारितोषिक मिळाले नाही, आणि ते मिळावे असा आग्रह मीही धरला नाही. पण पारितोषिक मिळालेल्या कथा मी विसरलो आणि ही मात्र मनातून जाईना. कथा अद्याप छापली गेलेली नाही, म्हणून लेखकाचे नाव येथे देत नाही. चित्रपटांच्या ध्वनिकक्षांत माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यामुळे या कथेकडे मी केवळ वाचक म्हणून पाहू शकलो नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

कथेचा नायक लालबागला राहणारा ध्वनिमुद्रक आहे. वडील गिरणीत होते. १९८२च्या संपात त्यांची नोकरी गेली. गिरगावातल्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, लहानशा मराठी चित्रपटाचे चित्रीकरण चालले आहे. प्रसंग दोनच माणसांचा. चाळ बिल्डरकडे जायची आहे. थोरला भाऊ विधवा बहिणीला विचारतो, “सही केलीस?” ती थोडा वेळ गप्प राहते आणि म्हणते, “केली.” या दोन शब्दांच्या मधल्या शांततेत दूरच्या देवळातली घंटा वाजते. कानाला हेडफोन लावलेल्या एकट्या ध्वनिमुद्रकाला ती ऐकू येते. दिग्दर्शकाचे डोळे नटीच्या चेहऱ्यावर आहेत. त्याला काहीच ऐकू आलेले नाही. नटीचे ते ‘केली’ पुढच्या दोन टेकमध्ये तसे उतरत नाही. तेव्हा घंटा काढायची की ठेवायची, एवढाच कथेचा पेच.

इतका लहान पेच कथेला पुरेल काय, अशी शंका माझ्या एका मित्राने काढली. मला ती पटत नाही. मुंबईतल्या बोलपटाच्या जन्मापासून हा पेच त्याच्यासोबत आहे. १९३१ साली गिरगावातल्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला. त्या चित्रपटाचे बरेचसे काम रात्री करावे लागले, कारण स्टुडिओ रेल्वेच्या रुळांलगत होता आणि गाड्या थांबल्याखेरीज मायक्रोफोनला माणसाचा शब्द निर्मळ मिळत नव्हता. म्हणजे आपला पहिला बोलपट बोलला तो शहर निजल्यावर. पुढे हलक्या पण आवाज करणाऱ्या कॅमेऱ्यांचा काळ आला आणि स्थळावरचा आवाज टाकून देऊन स्टुडिओत संवाद पुन्हा बोलून घेण्याची रीत पडली. २००१च्या ‘लगान’नंतर स्थळावरच संवाद मुद्रित करण्याची रीत पुन्हा रुळू लागली, आणि तिच्यासोबत कावळे, कुकरच्या शिट्या, फेरीवाले आणि देवळांच्या घंटाही परत आल्या.

लेखकाला या धंद्याची माहिती आहे हे बारीकसारीक तपशिलांवरून कळते. चित्रीकरणाआधी नायक खोलीतला पंखा बंद करवतो, शेजारच्या बिऱ्हाडातला फ्रिज बंद करवतो आणि आपली किल्ली त्या फ्रिजमध्येच ठेवतो. किल्लीवाचून घरी जाता येत नाही, म्हणून फ्रिज पुन्हा सुरू करण्याचा विसर पडत नाही. ही युक्ती मी स्वतः पाहिलेली आहे. मात्र तो पंचांग पाहत नाही, याचे मला नवल वाटले. गिरगावात काम करणारा जाणता ध्वनिमुद्रक संकष्टी आणि मंगळवार टाळून तारीख मागतो. आरतीची वेळ ठरलेली असते, तेवढा वेळ थांबता येते. पण दर्शनाला आलेला माणूस जाता जाता दोरीला हात लावतो, त्याला वेळापत्रक नाही. देवळाशी माणूस पाठवून विनवणी करावी, तर तो पोहोचेपर्यंत घंटा वाजून गेलेली असते.

लेखक लिहितो की दूरवरून ‘टण्’ असा आवाज आला. हा शब्द चुकला आहे, आणि ही चूक केवळ शब्दाची नाही. देऊळ तीन गल्ल्या पलीकडे, म्हणजे सुमारे दीडशे मीटरवर, असे त्यानेच सांगितले आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे घंटा अर्ध्या सेकंदाच्या आतच खोलीत पोहोचेल. पण वाटेतल्या भिंती आणि हवा तिचे वरचे, धारदार स्वर आधी खाऊन टाकतात. ‘टण्’ हा ठोका त्या स्वरांतच असतो. खोलीत उरतो तो नुसता घुमारा, कधी सुरू झाला ते नीटसे न कळणारा आणि संपता न संपणारा. नायकाचा सगळा त्रास या घुमाऱ्याचा आहे. ठोकाच असता तर तो शांततेत पडला असता आणि शांततेतून उचलून टाकणे सोपे होते.

ते किती सोपे, हेही सांगतो. प्रत्येक जागी संवाद संपल्यावर ध्वनिमुद्रक सगळ्यांना अर्धा-एक मिनिट निश्चल उभे करतो आणि त्या खोलीची नुसती शांतता टिपून घेतो. तिला आम्ही रूम टोन म्हणतो. शांतता प्रत्येक खोलीची निराळी असते. पडद्यावरच्या शांततेतून काही कापले आणि तिथे काहीच ठेवले नाही, तर प्रेक्षकाला काय झाले ते सांगता येत नाही, पण कान बधिर झाल्यासारखे वाटते. म्हणून कापलेल्या जागी त्याच खोलीची शांतता भरायची.

परंतु घंटेचा घुमारा ‘केली’ या शब्दाखाली शिरलेला आहे. आजकाल संगणकाच्या पडद्यावर ध्वनीचे चित्र दिसते. त्यात घंटा म्हणजे सरळ, आडव्या, हळूहळू विरणाऱ्या रेघा. माणसाचा स्वर म्हणजे लवणाऱ्या रेघांची शिडी. आडव्या रेघा पुसता येतात. पण जिथे त्यांतली एखादी बाईच्या स्वराच्या एखाद्या पायरीला टेकलेली असते, तिथे पुसताना पायरीही जाते आणि स्वर नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. ‘के’मधला एकार नेमका तसा लांबलेला आहे. दुसरा उपाय, दुसऱ्या टेकमधले ‘केली’ आणून या ओठांवर बसवायचे. शब्द एवढा लहान की ओठ सहज जुळतील. पण मग जो श्वास अडखळल्यामुळे हा टेक निवडला, तोच गमवायचा. कथेतला खरा सौदा हा आहे: घंटा जाईल, पण ती बाईचा काही अंश घेऊन जाईल. लेखकाने हे अर्ध्या परिच्छेदात उरकले आणि पुढची दोन पाने नायकाच्या वडिलांच्या आठवणींना दिली. मी उलट केले असते.

नायक घंटा काढतो. का काढतो याचे कारण मात्र लेखकाने फार चांगले हेरले आहे, आणि त्यासाठीच ही कथा मला मोलाची वाटते. घंटा खरोखर वाजली होती. तिचा कुणाशी काही संबंध नव्हता. पण पडद्यावर प्रश्न, मग शांतता, मग घंटा, मग होकार, असा क्रम लागला की कोणताही प्रेक्षक म्हणणार, देवाने साक्ष दिली. अनेक वर्षांच्या चित्रपटांनी त्याच्या कानाला ही सवय लावून ठेवली आहे. प्रत्यक्षात घडलेली गोष्टच बनावट वाटू लागते. तेव्हा सत्य राखण्यासाठी सत्य पुसावे, असे नायकाला वाटते.

इथे मला ‘कुंकू’ आठवतो. १९३७च्या त्या चित्रपटात प्रभातने पार्श्वसंगीत वापरले नाही. प्रसंगातल्या आवाजांवरच भिस्त ठेवली. त्यातले जुने घड्याळ म्हाताऱ्या नवऱ्याचे रूप होऊन बसते. तरी ते आपल्याला खोटे वाटत नाही, कारण ते त्या घरातले आहे आणि पुन:पुन्हा भेटते. अर्थ येण्यापूर्वी ते घड्याळ म्हणून आपल्या ओळखीचे झालेले असते.

हाच मार्ग नायकासमोर होता आणि लेखकाला तो दिसला नाही. काढणे आणि ठेवणे एवढे दोनच पर्याय त्याने धरले. एकदाच वाजलेली घंटा काहीतरी सांगू पाहते. तीच तीन-चार वेळा वाजली की ती गिरगाव होते. चित्रीकरण आटोपल्यावर त्याच खिडकीत मायक्रोफोन ठेवून अर्धा तास नुसती घंटा मुद्रित करायची. खिडकीतच ठेवायचा, देवळात नव्हे. जवळून घेतलेली घंटा मागाहून कितीही मंद केली तरी दूरची होत नाही. मग प्रसंगाच्या आरंभी, भाऊ चपला काढत असताना, एकदा ती ऐकू द्यायची. चहा गाळताना दुसऱ्यांदा, तीही एखाद्या फालतू वाक्याच्या मध्यावर, कुणाचे लक्ष नसताना. त्यानंतर ‘केली’च्या आधीची खरी घंटा आहे तशी राहू दिली तरी चालेल, कारण तोवर प्रेक्षकाने तिच्याकडे कान देणे सोडलेले असेल. बाईच्या स्वराला हात लावायची गरजच उरत नाही. मात्र कॅमेरा बहिणीवरून भावावर जातो त्या सांध्यावर घुमारा तुटता कामा नये. दुसऱ्या बाजूच्या टेकमध्ये घंटा नाही, तेव्हा तिचा विरता शेवट खालून ओढून न्यावा लागेल.

या उपायालाही मर्यादा आहे. प्रसंग फार लहान असला, चाळीस सेकंदांचा, तर तीन घंटा त्यात मावत नाहीत. मग काढण्याखेरीज गत्यंतर नाही. पण कथेतला प्रसंग चार मिनिटांचा आहे.

आता कथेच्या शेवटाकडे. नायक दादरच्या ध्वनिकक्षातून मध्यरात्री निघतो, लालबागला पोहोचतो. आई जागी आहे. “काम झालं का रे?” ती विचारते. तो गप्प राहतो. आणि त्या शांततेत, कोपऱ्यावरच्या देवळातली घंटा वाजते. मध्यरात्री! देऊळ बंद असताना ती कोणी वाजवली, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. जी घंटा आपल्या नायकाने एवढी किंमत मोजून काढली, तीच लेखकाने आपल्या शेवटच्या ओळीत, नेमक्या त्याच जागी आणून बसवली. नायकाला जे कळले ते लेखकाला कळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटले. वाचकाचा कानही प्रेक्षकासारखाच शिकवलेला असतो.

मी लेखकाला पत्राने एवढेच कळवले की शेवटची घंटा काढा, किंवा मग तिला दुसऱ्या पानावर, आईने सकाळी डबा भरून देण्याच्या वेळी, एकदा वाजवून ठेवा. उत्तरात त्याने लिहिले की दुसऱ्या पानावर आई डबा भरते तेव्हा गिरणीच्या भोंग्याची आठवण आधीच घातलेली आहे, तिथे घंटेला जागा नाही. मी कथा काढून पाहिली. भोंगा होता, आणि चांगला होता. तो कसा माझ्या ध्यानातून निसटला कोण जाणे. आता मला वाटते, शेवटी आईने प्रश्न विचारल्यावर काहीच वाजू नये. तिने पंखा बंद करावा आणि ताट वाढायला घ्यावे.