शून्य सांभाळणारी ओळ

वडोदऱ्याच्या हरणी विमानतळाजवळच्या एखाद्या ट्रॅव्हल दुकानाला आपल्या वेबपानावर शहरांचे एसटीडी कोड हवे आहेत असं समजू. वडोदरा, मुंबई, पुणे, अहमदाबाद: एका ओळीत एक आकडा.

```
0265
022
020
079
```

यातून कोडमधला अ‍ॅरे करायला एवढं पुरतं:

```
sed -E 's/[0-9]+/"&",/g'
```

ही ओळ वाचायला लागलं की नजर आधी `+` वर थांबते. तो नसता तर प्रत्येक अंक सुटा पडून `"0","2","6","5",` झालं असतं. `+` मुळे सलग अंक जितके सापडतील तितके एका घासात उचलले जातात. त्याच्या जागी `*` घातला, तर ‘शून्य अंक’ही चालतात आणि मजकुरात अंकांखेरीज काही असलं, तर मधेमधे रिकामी अवतरणं उगवतात.

पण ओळीचा जीव `&` मध्ये आहे. जे सापडलं ते जसंच्या तसं इथे ठेव, एवढंच तो सांगतो. एडिटरला 0265 ही संख्या वाटतच नाही, ती चार चिन्हं असतात, म्हणून पुढचं शून्य शाबूत राहतं. व्हीएस कोडमध्ये हेच काम `$&` करतो.

अवतरणं ही सजावट नव्हे. ती गाळून 0265 थेट सी किंवा जुन्या वळणाच्या जावास्क्रिप्टमध्ये टाकला, तर पुढच्या शून्यामुळे तो अष्टमान पद्धतीत वाचला जातो: २×६४ + ६×८ + ५, म्हणजे १८१. मुंबईचा 022 होतो १८, पुण्याचा 020 होतो १६. गंमत अहमदाबादची. अष्टमानात ९ हा अंकच नाही, त्यामुळे जावास्क्रिप्ट 079 ला निमूट ७९ म्हणतं. एकाच यादीत शेजाऱ्याशेजाऱ्यांना वेगळा न्याय, आणि कुठे त्रुटीचा संदेशही नाही! पायथन ३ निदान तिथेच अडवतं.

या ओळीला मर्यादाही आहेत. कोडपुढे जोडरेघ देऊन पूर्ण फोन नंबर लिहिला असेल, तर तिला दोन वेगळे आकडे दिसतात. तिथे `[0-9-]+` हवं. शेवटच्या आकड्यामागचा स्वल्पविराम जावास्क्रिप्ट आणि पायथन चालवून घेतात, जेसॉन घेत नाही. म्हणून वरच्या ओळीतून निघालेल्या मजकुरावर आणखी एक हात:

```
sed '$s/,$//'
```

पहिला `$` म्हणजे शेवटची ओळ, दुसरा म्हणजे ओळीचा शेवट. एकच चिन्ह, दोन कामं. मला हे फार आवडतं. तरीही स्वल्पविराम जात नसेल, तर फाइल बहुधा विंडोजवरून आली आहे आणि ओळीच्या टोकाला न दिसणारा `\r` बसला आहे. लिनक्सवर `cat -A` चालवलं की तो `^M` म्हणून उघडा पडतो.