हॉब्ज परत येतो तेव्हा

चाळिसाव्या दिवसाच्या रकान्यात एका विद्यार्थिनीनं पेन्सिलीनं लिहिलंय : ‘वास्तववाद. हॉब्ज परत.’ साठ दिवसांचा हा तक्ता पुण्यातल्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत, टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. वेळापत्रकं मी पुष्कळ पाहिली. बहुतेकांत रंगीत पेनं जास्त आणि विचार कमी असतो. या तक्त्यात रंग नाहीत, पण उजवीकडे ‘परत’ नावाचा एक अरुंद रकाना आहे. तक्त्याची सगळी बुद्धी त्या रकान्यात आहे.

तक्ता यूपीएससीच्या मेन्सचा आहे आणि ऑप्शनल राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध. दोन पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे. भारतीय शासनव्यवस्था आणि परराष्ट्र धोरण हे भाग सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात बऱ्याच अंशी येतात, म्हणून ते तिनं संध्याकाळकडे ढकललेत. सकाळचे चार तास फक्त तिघांचे. पहिले बावीस दिवस राजकीय सिद्धांत, मग चौदा दिवस तुलनात्मक राजकारण, पुढचे सोळा आंतरराष्ट्रीय संबंध आणि उरलेले आठ दिवस सराव पेपर. इथवर कुठल्याही क्लासमध्ये मिळेल असंच. पण अशा सरळ वाटणीत एक खोट असते. सिद्धांत बाविसाव्या दिवशी संपतो आणि परीक्षा येईपर्यंत निम्मा विसरलेला असतो. यावर नेहमीचा इलाज म्हणजे शेवटच्या आठवड्यात सगळं पुन्हा वाचून काढणं. तिनं तसं केलेलं नाही. सिद्धांतातले विचारवंत तिनं पुढच्या दोन भागांत पेरून ठेवलेत.

हॉब्ज पहिल्यांदा येतो पाचव्या दिवशी. १६५१ चं ‘लेव्हायथन’, निसर्गावस्था, प्रत्येकाचं प्रत्येकाशी युद्ध, करार, सार्वभौम. सहाव्या दिवशी ‘परत’च्या रकान्यात दहा मिनिटं : कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. बाराव्या दिवशी पुन्हा तेच, पण आता १५० शब्दांत आणि सात मिनिटांत. ही सात मिनिटं हवेतून आलेली नाहीत. तीन तासांत पन्नास गुणांचे पाच प्रश्न सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस मिनिटं मिळतात. दहा गुणांच्या टिपणाला त्यातली सात येतात. त्यानंतर चार आठवडे हॉब्ज तक्त्यात कुठेच नाही, आणि मग चाळिसावा दिवस.

मधलं हे अंतर मला फार आवडलं. चाळिसाव्या दिवशी हॉब्ज तोच असतो, पण त्याच्याकडे मागायचं काहीतरी दुसरंच असतं. वास्तववादी म्हणतात, राष्ट्रांच्या वर कुणी सार्वभौम नाही, म्हणून राष्ट्रं हॉब्जच्या माणसांसारखी जगतात. ज्याला पाचव्या दिवसाचं टिपण नुसतं पाठ आहे, तो तेच इथे उतरवतो आणि पुढे जातो. ज्याला समजलंय, तो अडखळतो. हॉब्जच्या निसर्गावस्थेत माणसं साधारण सारखी आहेत, कारण सगळ्यांत दुबळाही सगळ्यांत बलवानाला झोपेत मारू शकतो. राष्ट्रांचं तसं नाही. शिवाय खुद्द हॉब्जच तेराव्या प्रकरणात सांगतो की राजे एकमेकांवर तलवारी रोखून उभे असले, तरी त्यातून आपापल्या प्रजेच्या उद्योगाला संरक्षण मिळतं, म्हणून सुट्या माणसांची दुर्दशा तिथे होत नाही. हेडली बुलनं १९७७ मध्ये हाच धागा पकडून अराजकातही समाज असू शकतो असं मांडलं. दुसरा अडथळा मॉर्गेन्थाऊ आणि वॉल्ट्झ यांचा. मॉर्गेन्थाऊ १९४८ मध्ये संघर्षाचं मूळ माणसाच्या स्वभावात शोधतो, तर वॉल्ट्झ १९७९ मध्ये ते व्यवस्थेच्या रचनेत शोधतो. दोघंही हॉब्जच्या घराण्यातलेच समजले जातात, मग हॉब्ज नेमका कुणाचा? त्या दिवशीच्या लेखनासाठी तिनं हाच प्रश्न घेतलाय. उत्तरात पाचव्या दिवसाची वाक्यं जशीच्या तशी उतरली, तर उजळणी झालेली नाही असं समजायचं. याहून चोख कसोटी मला तरी माहीत नाही.

मिलचं पुनरागमन जरा लपलेलं आहे, आणि माझ्या मते जास्त देखणं. आठव्या दिवशी तो स्वातंत्र्याचा मिल म्हणून येतो, १८५९ च्या निबंधासह. चोविसाव्या दिवशी तुलनात्मक राजकारणात ‘तुलनेच्या पद्धतीच्या मर्यादा’ हा घटक आहे आणि समोर पुन्हा ‘मिल परत’. हा मिल १८४३ च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथातला. साम्याची पद्धत आणि भेदाची पद्धत त्याच ग्रंथात आहेत. थेडा स्कॉचपोलनं १९७९ मध्ये फ्रान्स, रशिया आणि चीन या तीन क्रांत्या शेजारी ठेवल्या आणि जिथे तशी क्रांती झाली नाही असे देश समोर मांडले, ते याच दोन पद्धतींच्या आधारानं. आणि गंमत अशी की समाजाच्या अभ्यासात या पद्धती चालणार नाहीत, असं मिलनंच त्या ग्रंथात बजावून ठेवलंय. एका परिणामामागे अनेक कारणं गुंतलेली असतात आणि एक गोष्ट सोडून बाकी सगळं सारखं असलेले दोन देश सापडत नाहीत. मर्यादांवर प्रश्न आला, तर उत्तराचा गाभा मिलकडूनच मिळतो. आठव्या दिवसाची वही बंद केलेल्याला हे सुचणार नाही.

मार्क्स दोनदा परततो. अठ्ठाविसाव्या दिवशी हमजा अलवीच्या वसाहतोत्तर राज्यसंस्थेत, जिथे पाकिस्तान आणि बांगलादेशातली नोकरशाही व लष्कर वर्गांच्या वरचढ ठरतात, आणि त्रेचाळिसाव्या दिवशी वॉलरस्टाइनच्या जागतिक व्यवस्थेत. ग्राम्शी त्याच दिवशी रॉबर्ट कॉक्सचा हात धरून येतो. ही पेरणी अपेक्षित होती, तिचं विशेष कौतुक नाही.

पस्तीस आणि छत्तीस हे दिवस कोरे आहेत. पाहणाऱ्याला ती विश्रांती वाटेल, पण ती उधारी फेडायची जागा आहे. तुलनात्मक राजकारणाला काठ नसतो. राजकीय पक्ष वाचता वाचता माणूस निवडणूक पद्धतींत शिरतो आणि दोन दिवस सहज जातात. कोरे दिवस नसते, तर ती गळती थेट आंतरराष्ट्रीय संबंधांत उतरली असती. शेवटच्या आठांत चोपन्न आणि अठ्ठावन्न या दिवशी सकाळ-दुपार दोन्ही पेपर आहेत, कारण खऱ्या परीक्षेतही ऑप्शनलचे दोन पेपर एकाच दिवशी येतात आणि दुपारच्या शेवटच्या प्रश्नाला हात चालेनासा होतो.

एका ठिकाणी मात्र तक्ता चुकतो. रॉल्स चौदाव्या दिवशी येतो, समुदायवाद्यांची टीका ऐकतो आणि कायमचा जातो. त्याच्या परतीची जागा उघड होती. पन्नासाव्या दिवशी मानवी हक्क आहेत. चार्ल्स बाइट्झनं रॉल्सचा न्याय देशाच्या सीमेबाहेर नेला १९७९ मध्ये, आणि १९९९ मध्ये ‘द लॉ ऑफ पीपल्स’ लिहून रॉल्सनं स्वतः तिथवर जायला नकार दिला. गरीब देशांना मदत करणं कर्तव्य आहे, पण भेदाचं तत्त्व जगाला लागू नाही, असं त्याचं म्हणणं. वीस गुणांचा प्रश्न यात सहज मावतो. पन्नासाव्या दिवशी तिनं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची यादी पुन्हा घेतलीय. ती सत्तेचाळिसाव्या दिवशी येऊन गेलेली आहे, तेव्हा ती खोडून तिथे ‘रॉल्स परत’ लिहायला हरकत नाही.